कच्चं अंडं की शिजवलेलं: प्रथिनं अंगी कशातून जास्त लागतात?

प्रश्न: मी व्यायामानंतर रोज चार कच्ची अंडी ब्लेंडरमध्ये फिरवून पितो. मित्र म्हणतो, कच्च्या अंड्यातलं प्रोटीन अर्धंच अंगी लागतं, शिजवून खा. पण कच्चं अंडं पातळ असतं, म्हणजे पचायला हलकंच असणार ना? आणि शिजवल्यावर उष्णतेनं प्रोटीन नष्ट होत नाही का?

उत्तर:

शिजवलेल्या अंड्यातून प्रथिनं जास्त मिळतात, आणि हा फरक किरकोळ नाही. तुमच्या मित्राचं 'अर्धंच' हे एका ठरावीक प्रयोगातून आलं आहे. निरोगी माणसात नुकसान त्यापेक्षा कमी होतं, तरी चार अंड्यांमागे एका अंड्याहून जास्त प्रथिन वाया जातं. हा आकडा कुठून येतो आणि तसं का होतं, हे नीट पाहू. त्यातूनच पातळपणा आणि उष्णता या तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर मिळतं.

आधी उष्णतेची शंका. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. अंड्याच्या पांढऱ्यात सगळ्यात जास्त असतं ते ओव्हअल्ब्युमिन, आणि त्याच्या एका रेणूत ३८५ अमिनो आम्लं एकामागोमाग जोडलेली असतात. त्यांना जोडणारे बंध उकळत्या पाण्याच्या तापमानाला तुटत नाहीत. तुटतो तो साखळीचा आकार. कच्च्या अंड्यात जितकी अमिनो आम्लं होती, जवळजवळ तितकीच उकडलेल्या अंड्यात असतात. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्यात दोन्हींसमोर सारखाच आकडा दिसतो, १०० ग्रॅममागे साधारण साडेबारा ग्रॅम. 'प्रोटीन नष्ट झालं' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर त्याची घडी मोडलेली असते. आणि पचनाला नेमकी ती घडी मोडलेलीच हवी असते.

पण हा तक्ता फक्त अंड्यात काय आहे ते सांगतो. त्यातलं शरीरात किती गेलं, हे त्यावरून कळत नाही. ते मोजणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि या विषयातला बराचसा गोंधळ मोजण्याच्या पद्धतीतूनच आला आहे.

प्रथिनांचं पचन जठरात सुरू होतं आणि लहान आतड्यात पुरं होतं. सुटी झालेली अमिनो आम्लं आणि त्यांच्या छोट्या जोड्या लहान आतड्याच्या भिंतीतून आत जातात. तिथे जे शोषलं गेलं नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं, आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. मोठ्या आतड्यातून अमिनो आम्लं फारशी परत मिळत नाहीत. त्यामुळे जुन्या पद्धतीप्रमाणे नायट्रोजन हे प्रथिनांचं माप धरून खाल्लेलं नायट्रोजन आणि शौचातून गेलेलं नायट्रोजन यांची वजाबाकी केली, तर जिवाणूंनी मधल्या मध्ये जे फस्त केलं तेही 'पचलं' म्हणून आपल्या खात्यात जमा होतं. खरा हिशेब हवा असेल तर लहान आतड्याच्या शेवटाला मोजावं लागतं.

बेल्जियममधल्या लुव्हेन इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये नेमकं हेच केलं. त्यांनी प्रयोगासाठी पाच अशा व्यक्ती निवडल्या, ज्यांचं मोठं आतडं पचनमार्गातून वगळलेलं होतं आणि लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेनं पोटावर उघडलेलं होतं. लहान आतड्यातून बाहेर पडणारं सगळं थेट पिशवीत जमा होत असल्यामुळे ते जिवाणूंच्या मोठ्या वस्तीपर्यंत पोचायच्या आधीच मोजता येत होतं. दुसरी अडचण अशी, की पिशवीत येणारं प्रथिन फक्त अंड्याचं नसतं. पाचक रस आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी यांचंही त्यात असतं. त्यावर त्यांनी वापरलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी अंड्यातल्या प्रथिनांवरच खूण करून घेतली. कार्बन आणि नायट्रोजनचे थोडे जड, पण किरणोत्सारी नसलेले अणू त्या प्रथिनांतच विणलेले होते. मग ही खूण जिथे सापडेल ते अंड्याचं, बाकीचं शरीराचं स्वतःचं.

प्रत्येकाला २५ ग्रॅम अंड्याचं प्रथिन एकदा शिजवलेलं आणि एकदा कच्चं दिलं. शिजवलेल्यातलं सरासरी ९०.९ टक्के लहान आतड्यात पचलं, कच्च्यातलं ५१.३ टक्के. मित्राचं 'अर्धं' ते हेच. मात्र एक बारकावा अनेकदा गाळला जातो. शिजवलेल्या अंड्याच्या बाबतीत पाचही जणांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, कच्च्याच्या बाबतीत ते बरेच पांगलेले होते. म्हणजे कच्चं अंडं कुणाला बऱ्यापैकी पचतं, कुणाला फारच कमी. ५१ हा त्यातला मध्य आहे, तो प्रत्येकाला जसाच्या तसा लागू होत नाही.

त्याच गटानं पुढच्या वर्षी निरोगी माणसांवर, मोठं आतडं जागेवर असताना, वेगळ्या मार्गानं मोजणी केली. यात श्वासातून बाहेर पडणारा खुणेचा कार्बन आणि लघवीतून जाणारे जिवाणूंच्या पचनाचे अवशेष तपासले होते. त्यांच्या हिशेबानं शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ६ टक्के प्रथिन लहान आतड्यातून निसटलं आणि कच्च्यातलं सुमारे ३५ टक्के. तुमच्यासारख्या निरोगी माणसासाठी मी हे आकडे धरते.

आता तुमच्या ग्लासाचा हिशेब करू. मध्यम आकाराच्या एका अंड्याचा खाण्याजोगा भाग साधारण ५० ग्रॅम असतो, आणि त्यात सव्वासहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन. चार अंड्यांचं होतं २५ ग्रॅम, योगायोगानं प्रयोगात दिलं होतं तेवढंच. शिजवून खाल्लंत तर त्यातलं साधारण साडेतेवीस ग्रॅम तुमच्या रक्तापर्यंत पोचेल. कच्चं प्यायलात तर सव्वासोळा ग्रॅम. फरक सव्वासात ग्रॅमचा, म्हणजे चार अंडी पिऊन तुम्हाला जवळपास पावणेतीन शिजवलेल्या अंड्यांचं प्रथिन मिळतं. पहिल्या प्रयोगाचे आकडे धरले तर हा फरक जवळपास १० ग्रॅमवर जातो. खरा आकडा तुमच्या बाबतीत या दोन्हींच्या मध्ये कुठे असेल हे चाचणीशिवाय सांगता येत नाही, पण फरक कुठल्या बाजूला आहे याबद्दल शंका नाही.

उरलेलं सव्वासात ग्रॅम आणि त्यावरचं थोडं असं साधारण पावणेनऊ ग्रॅम न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते कुजवतात. त्यातून अमोनिया, फिनॉल, क्रेसॉल आणि दुर्गंधी वायू तयार होतात. कच्ची अंडी पिऊन तासाभरात नाही, तर बऱ्याच उशिरा ज्यांना उग्र वासाचे वायू सुटतात, त्यांच्या बाबतीत हे एक सरळ कारण असू शकतं. मात्र नुसत्या वासावरून किती प्रथिन वाया गेलं हे ठरवता येत नाही.

पातळ म्हणजे हलकं, या समजुतीमागेही एक प्रयोग आहे आणि तो प्रामाणिकपणे केलेला होता. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरात बाहेरून दिसणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं आणि १८३३ मध्ये निरीक्षणं छापली. त्यात पदार्थ जठरात किती वेळ राहतो याचा तक्ता आहे. फेसलेलं कच्चं अंडं दीड तास, साधं कच्चं दोन तास, अर्धवट उकडलेलं तीन तास, आणि घट्ट उकडलेलं साडेतीन तास. हे वाचून कुणालाही वाटेल की कच्चं अंडं दुप्पट लवकर पचतं. पण ब्यूमाँटनं मोजलं ते जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ. जठरातून पुढे गेलेलं प्रथिन तुटलं का आणि पुढे आतड्यात शोषलं गेलं का, हे त्याला त्या भोकातून दिसणं शक्यच नव्हतं. पातळ पदार्थ जठरातून लवकर सरकतो, इतकंच त्यावरून सिद्ध होतं. प्रथिनांच्या बाबतीत लवकर सरकणं हा फायदा नसून तोटाच आहे, कारण जठरातल्या आम्लाला आणि पेप्सिन या पाचक एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही.

आता मुख्य कारण. कच्च्या पांढऱ्यातलं प्रत्येक प्रथिन लोकरीच्या घट्ट गुंड्यासारखं असतं. साखळीचे पाणी न आवडणारे भाग आत दडलेले असतात आणि बाहेरची बाजू गुळगुळीत असते. आपले पाचक एन्झाइम म्हणजे पेप्सिन, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन. ते ही साखळी वाटेल तिथे कापत नाहीत. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशी कापतं. कायमोट्रिप्सिन आणि पेप्सिन यांच्या आवडीच्या जागा बऱ्याचदा आतल्या, दडलेल्या भागात असतात. शिवाय कापायच्या जागी साखळीचा आठ-दहा अमिनो आम्लांएवढा तुकडा सैल होऊन एन्झाइमच्या खोबणीत बसावा लागतो. घट्ट घडीत असा सैल तुकडा मिळत नाही. पांढऱ्यातल्या प्रथिनांचा अर्ध्याहून जास्त भाग ओव्हअल्ब्युमिनचा असतो, आणि मूळ घडीतलं ओव्हअल्ब्युमिन ट्रिप्सिनला अक्षरशः दाद देत नाही. पेप्सिन त्याला हळूहळू कुरतडतं, पण त्यासाठी लागणारा वेळ पातळ अंडं जठराला देत नाही.

उष्णता मिळाली की रेणू थरथरतात, घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात आणि साखळी उलगडते. आत दडलेल्या जागा उघड्या पडतात. मग उलगडलेल्या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना चिकटतात, आणि म्हणून पांढरं घट्ट होतं. इथे एक रास्त प्रश्न येतो: चिकटून घट्ट झालेला गोळा पचायला आणखी अवघड कसा होत नाही? कारण पातेल्यात दिसणारा घट्टपणा आणि रेणूचा घट्टपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. उकडलेलं पांढरं हे पाण्यानं भरलेलं जाळं आहे. त्याच्या वजनाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग तेव्हाही पाणीच असतं. साखळ्या एकमेकींना मधूनमधून चिकटलेल्या असतात, पण मधले मोठे पट्टे मोकळे असतात आणि एन्झाइम पाण्यातून जाळ्यात शिरू शकतात. अडचण येते ती फक्त तुकडा मोठा असेल तर, कारण एन्झाइमला बाहेरून आत पोचायला वेळ लागतो. त्यावर उपाय दातांकडे आहे. उकडलेलं अंडं दोन घासांत गिळणाऱ्यांना मी नेहमी चावून खायला सांगते, ते याचसाठी.

दुसरं कारण म्हणजे पांढऱ्यात असलेले पाचक एन्झाइमांचे विरोधक. पिल्लू वाढत असताना बाहेरच्या जिवाणूंनी आपल्या एन्झाइमांनी अंडं फस्त करू नये म्हणून निसर्गानं ही व्यवस्था केली आहे, असं मानलं जातं. यातलं प्रसिद्ध नाव ओव्हम्युकॉइड, पांढऱ्यातल्या प्रथिनांचा साधारण नववा भाग. ते ट्रिप्सिनच्या खोबणीत जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. यावर बोट ठेवून 'ट्रिप्सिन बंद पडतं म्हणून कच्चं अंडं पचत नाही' असं सरसकट लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. कोंबडीच्या अंड्यातलं ओव्हम्युकॉइड गाय आणि डुक्कर यांच्या ट्रिप्सिनला जोरदार अडवतं, पण माणसाच्या ट्रिप्सिनवर त्याचा प्रभाव फारच कमी पडतो. माणसासाठी जास्त महत्त्वाचं असू शकेल ते ओव्होइन्हिबिटर हे दुसरं प्रथिन. ते प्रमाणानं थोडं असलं तरी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन दोघांनाही अडवतं. प्राण्यांवरच्या किंवा प्राण्यांच्या एन्झाइमांवरच्या प्रयोगांचे आकडे माणसाला लावताना ही काळजी घ्यायला हवी. माझ्या मते माणसाच्या बाबतीत मोठा वाटा न उलगडलेल्या घडीचा आहे, विरोधकांचा त्याखालोखाल.

हे सगळं पांढऱ्याबद्दल झालं. एका अंड्यात साधारण साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिन पांढऱ्यात आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपास पिवळ्यात असतं. वर सांगितलेली घट्ट ओव्हअल्ब्युमिनची घडी आणि हे विरोधक पांढऱ्यात असतात. म्हणून पांढरं पूर्ण शिजलं असेल आणि पिवळं वाहतं राहिलं असेल, तर प्रथिनांच्या दृष्टीनं फायद्याचा मोठा भाग तुम्ही मिळवलेला असतो. वाहत्या पिवळ्याबद्दलची काळजी जंतूंची आहे, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

'पूर्ण शिजलं' म्हणजे किती, हे मात्र तापमानात सांगायला हवं, कारण इथे डोळे थोडे फसवतात. पांढऱ्यातली सगळी प्रथिनं एकाच वेळी उलगडत नाहीत. ओव्होट्रान्सफेरिन हे सुमारे ६१ अंश सेल्सिअसला उलगडतं, आणि त्याच्या जोरावर पांढरं दुधाळ दिसू लागतं, थोडं थरथरतं घट्टही होतं. ओव्हअल्ब्युमिन मात्र ८० अंशांच्या वर जाईपर्यंत बरंचसं तसंच असतं. म्हणजे ६३-६४ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेल्या अंड्याचं पांढरं शिजल्यासारखं दिसतं, पण त्यातलं सगळ्यात मोठं प्रथिन अजून घडीतच असतं. अंडं जुनं होत गेलं की पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि ओव्हअल्ब्युमिनचा काही भाग आणखी टिकाऊ रूपात बदलतो, ज्याला उलगडायला ९० अंशांच्या वर जावं लागतं. उकळत्या पाण्यात किंवा तव्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तपासायची सोपी पद्धत अशी, की पांढरं पूर्ण अपारदर्शक हवं, कापल्यावर कड उभी राहायला हवी आणि कुठेही चिकट, काचेसारखा भाग उरलेला नको. दुधाळ पण लिबलिबीत असेल तर ते अर्धवट आहे.

या तापमानाच्या हिशेबावरून तीन गोष्टी लगेच कळतात, ज्यांबद्दल माझ्याकडे येणारे लोक सतत विचारतात.

पहिली, ब्लेंडर. फिरवल्यानं पांढऱ्याचा जाडसर लगदा मोडतो आणि फेसाच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर थोडी प्रथिनं उलगडतातही. पण द्रवातला मोठा भाग घडीतच राहतो. पातळ आणि एकजीव झालं म्हणजे पचायला सोपं झालं असं नाही.

दुसरी, गरम दुधात फेटलेलं अंडं. समजा २०० मिलिलिटर दूध अगदी ९० अंशांना आहे आणि त्यात खोलीच्या तापमानाची, म्हणजे २५ अंशांची, दोन अंडी घातली. अंड्यांचं वजन १०० ग्रॅम. मिश्रणाचं तापमान साधारण ६८ अंशांवर येतं आणि ग्लासात ते झपाट्यानं उतरत जातं. ओव्होट्रान्सफेरिन थोडंफार उलगडेल, बारीक कण दिसतील, ओव्हअल्ब्युमिन जवळपास कच्चंच राहील. अंडी फ्रीजमधली असतील तर आणखी खाली. तेच मिश्रण मंद आचेवर ढवळत दाट होईपर्यंत तापवलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी आणि सगळ्यात जास्त फसवणारी, पाश्चराइज्ड द्रवरूप पांढरं, जे बाटलीत किंवा खोक्यात मिळतं. ते उष्णता दिलेलं असतं हे खरं, पण पांढऱ्यासाठी ही उष्णता साधारण ५६-५७ अंशांना काही मिनिटं इतकीच असते. उद्देश साल्मोनेला मारण्याचा असतो. तापमान मुद्दाम ओव्होट्रान्सफेरिन उलगडायच्या खाली ठेवतात, कारण ते ओलांडलं तर बाटलीतच पांढरं घट्ट होईल. म्हणजे ते वाहतं आहे हाच पुरावा की आतली प्रथिनं घडीत आहेत. जंतूंच्या दृष्टीनं ते सुरक्षित, पचनाच्या दृष्टीनं कच्चं. शेकमध्ये हे ओतून पिणाऱ्यांची समजूत असते की आपण शिजवलेलं घेतोय. तसं नाही. तव्यावर पातळ थर ओतून ते घट्ट करा, मग खा.

आता उलट बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. तुमचा हेतू स्नायू वाढवणं असेल, तर शोषण कमी म्हणजे स्नायू तितक्याच प्रमाणात कमी, असं गणित बसत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठातल्या गटानं २०२२ मध्ये हे थेट तपासलं. व्यायाम केलेल्या ४५ तरुण पुरुषांना तीन गटांत विभागून पाच कच्ची अंडी, पाच उकडलेली अंडी किंवा प्रथिनं कमी असलेली न्याहारी दिली. पाच अंड्यांत साधारण ३० ग्रॅम प्रथिन होतं. उकडलेल्या अंड्यांनंतर रक्तातली आवश्यक अमिनो आम्लं कच्च्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त उंचीवर गेली. म्हणजे शोषणाचा फरक इथेही दिसला. पण पुढच्या काही तासांत स्नायूंत नवं प्रथिन बनण्याचा वेग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच राहिला.

याचा अर्थ मी असा लावते. तरुण, निरोगी माणसाच्या स्नायूंना व्यायामानंतर एका वेळी ठरावीक प्रमाणापर्यंतच अमिनो आम्लांचा उपयोग होतो. ३० ग्रॅमचं जेवण त्या मर्यादेच्या जवळ असतं, त्यामुळे थोडं कमी पोचलं तरी वेगात फरक दिसत नाही. त्या दिवसाच्या त्या एका प्रयोगापुरतं तुमच्या कच्च्या ग्लासानंही काम झालं असतं. पण मात्रा मुळातच लहान असेल, म्हणजे एक-दोन अंडीच खाणारी व्यक्ती, भूक मंदावलेले वृद्ध, आजारातून उठलेला किंवा शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, तर हा तिसरा भाग वाया घालवणं परवडणारं नाही. वयानुसार स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त अमिनो आम्लं लागतात, आणि अशांच्या ताटात ती आधीच कमी असतात. ताकद यावी म्हणून नेमक्या अशाच माणसांना कच्चं अंडं पाजलं जातं, आणि ते मला मनापासून खटकतं. एक तर त्यांना प्रथिन कमी मिळतं, आणि साल्मोनेलाचा धोका त्यांनाच सगळ्यात जास्त असतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांनाही हेच लागू.

कच्च्या पांढऱ्यातल्या अ‍ॅव्हिडिनचा उल्लेख थोडक्यात करते, कारण तुम्ही रोज पिता. हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला इतक्या घट्ट धरतं की ते आतड्यात सुटत नाही. अधूनमधून एखादं कच्चं अंडं खाल्ल्यानं काही होत नाही. महिनोन्‌महिने रोज बरीच कच्ची पांढरी पोटात गेली तर बायोटिनची कमतरता होऊ शकते. केस गळणं, तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती लाल खवलेदार पुरळ ही तिची लक्षणं. नीट शिजवल्यावर अ‍ॅव्हिडिनची ही पकड जाते. पाश्चराइज्ड द्रवात ती टिकून असते.

जास्त शिजवून बिघडतं का, हाही प्रश्न राहतो. साध्या उकडण्यात दहा मिनिटं झाली काय आणि पंधरा झाली काय, प्रथिनांच्या शोषणात चिंता करण्यासारखं काही घडत नाही. पिवळ्याभोवती दिसणारी हिरवट कडा ही लोह आणि गंधक यांच्या संयोगानं येते. ती निरुपद्रवी आहे, चवीला आणि दिसायला तेवढी नकोशी. फार कडक आचेवर अंडं तपकिरी, चिवट होईपर्यंत तळलं तर पृष्ठभागावरचं थोडं लायसिन अडकतं आणि चावायलाही त्रास होतो. ते टाळता आलं तर बरं.

तुमच्या चार अंड्यांसाठी मी सांगेन ते असं. उकळत्या पाण्यात अंडी सोडा. सात मिनिटांनी पांढरं घट्ट आणि पिवळं मऊ मिळेल, दहा-अकरा मिनिटांनी दोन्ही घट्ट. फ्रीजमधली किंवा मोठी अंडी असतील तर एक-दीड मिनिट वाढवा. उंच ठिकाणी राहत असाल, जिथे पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, तिथेही वेळ वाढवावी लागेल. काढल्यावर थंड पाण्यात टाका म्हणजे सोलायला सोपं जातं. व्यायामानंतर घाईत चावत बसायला जमत नसेल तर आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी सोलून दुधाबरोबर ब्लेंडरमध्ये फिरवा. शिजवल्यानंतर फिरवण्याला माझी काहीच हरकत नाही. उलट तुकडे बारीक होतात आणि एन्झाइमांना लवकर आत शिरता येतं. आणि एकदा शिजवायला लागलात की मग चारऐवजी तीन अंड्यांत आजच्या एका ग्लासापेक्षा थोडं जास्तच प्रथिन तुमच्या रक्तात पोचेल.